०.१२ सेंटीमीटरची बातमी

सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीयांची उंची घटत चालली आहे, अशा अर्थाच्या बातम्या बऱ्याच ठिकाणी आल्या होत्या. त्यांच्यामागे 'प्लॉस वन' या नियतकालिकातला एक शोधनिबंध होता. कृष्णकुमार चौधरी, सायन दास आणि प्राचीनकुमार घोडाजकर या दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या संशोधकांनी तो लिहिला होता. माहिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची, म्हणजे आपण ज्याला 'एनएफएचएस' म्हणतो त्याची. हे सर्वेक्षण मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. तुमच्यापैकी जे कोणी समाजशास्त्र, गृहविज्ञान, संख्याशास्त्र किंवा आरोग्याकडे वळणार असाल, त्यांच्या हातात ही फाइल कधी ना कधी येणारच. म्हणून हा निबंध जरा बारकाईने वाचू या.

निबंधात तिसऱ्या फेरीची (२००५-०६) आणि चौथ्या फेरीची (२०१५-१६) तुलना आहे. दोन वयोगट केलेत, १५ ते २५ आणि २६ ते ५०. निष्कर्ष असे: १५ ते २५ वयाच्या स्त्रियांची सरासरी उंची दहा वर्षांत ०.१२ सेंटीमीटरने घटली. २६ ते ५० वयाच्या स्त्रियांची ०.१३ सेंटीमीटरने वाढली. पुरुषांमध्ये तरुण गटात १.१० आणि मोठ्या गटात ०.८६ सेंटीमीटर घट दिसली. जगभर उंची वाढत असताना भारतातली घट चिंताजनक आहे, असं लेखकांचं म्हणणं आहे.

आता पहिले दोन आकडे परत वाचा. ०.१२ सेंटीमीटर म्हणजे १.२ मिलिमीटर. खिशातल्या नाण्याच्या जाडीएवढं. गंमत म्हणजे यातली ०.१२ची घट पाच टक्क्यांच्या रेषेच्या अगदी किंचित बाहेर पडली (पी व्हॅल्यू ०.०५१), आणि ०.१३ची वाढ 'सिग्निफिकंट' ठरली. जवळपास तेवढाच फरक, एकाला शिक्का मिळाला, दुसऱ्याला नाही. प्री-पीएचडी कोर्सवर्कच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा अकोल्याकडच्या एका मुलीनं सरळ विचारलं, "मंग ताई, फरक आहे का नाही?" प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर पी व्हॅल्यूत नाही. ते कुठे आहे, हे बघायला आधी ही व्हॅल्यू कशी तयार होते ते पाहावं लागेल.

दोन सरासऱ्यांमधला फरक कितपत भरवशाचा आहे, हे स्टँडर्ड एरर सांगते. साध्या नमुन्यासाठी तिचं सूत्र असं:

```
SE = SD * sqrt(1/n1 + 1/n2)
```

भारतीय स्त्रियांच्या उंचीचं स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण ६ सेंटीमीटर असतं. समजा, तुम्ही अमरावतीच्या आणि अकोल्याच्या कॉलेजांमधल्या प्रत्येकी ४०० मुलींची उंची मोजली आणि फरक ०.१२ सेंटीमीटर आला. स्टँडर्ड एरर येईल ०.४२. फरकाला तिने भागलं की ०.२८ मिळतात, आणि पी व्हॅल्यू पावणेआठ दशांशाच्या आसपास. तुम्ही 'फरक नाही' लिहून मोकळे व्हाल, गाइडही काही म्हणणार नाहीत.

आता तोच ०.१२चा फरक घ्या, फक्त मुली वाढवा. एनएफएचएसच्या तिसऱ्या फेरीत १,२४,३८५ आणि चौथीत ६,९९,६८६ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या होत्या. तरुण गटासाठी हिशेबाला सोपे म्हणून गोल आकडे धरू, ४०,००० आणि २,५०,०००. स्टँडर्ड एरर ०.०३२वर येते, भागाकार ३.७ होतो आणि पी व्हॅल्यू हजारात एकपेक्षाही खाली जाते. टेबलात तीन स्टार! पण मुलींच्या उंचीत काहीच बदललं नाही. ४०० मुलींच्या वेळी जो फरक होता तोच आहे. बदलली ती फक्त आपली भिंग लावून बघायची ताकद.

इथे एक चौकस वाचक विचारेल, मग निबंधात ०.०५१ कशी आली? कारण एनएफएचएसचा नमुना असा सुटा सुटा काढलेला नसतो. आधी गावं किंवा शहरी भाग निवडतात, मग त्यातली घरं. एकाच गावातल्या बायका खाण्यापिण्यात, जातीपातीत, उंचीतही एकमेकींच्या जवळ असतात, म्हणून एका गावातल्या वीस जणींकडून वीस स्वतंत्र नोंदींएवढी माहिती मिळत नाही. निबंधात ०.१२च्या भोवती दिलेला ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ०.२४ ते ० असा आहे, म्हणजे स्टँडर्ड एरर सुमारे ०.०६ आहे, आपल्या साध्या हिशेबाच्या जवळपास दुप्पट. हे ध्यानात ठेवा. एनएफएचएसची फाइल घेऊन सरळ टी-टेस्ट मारणारे प्रबंध मी वाचलेत. त्यांतले निम्मे स्टार क्लस्टरचा हिशेब केला तर गळून पडतील.

बरं, १.२ मिलिमीटर 'लहान' आहे हे ठरवायचं कसं? 'कोहेन्स डी' सगळ्यांना पाठ असतो: फरक भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन. ०.१२ भागिले ६ म्हणजे ०.०२. जेकब कोहेन यांच्या ढोबळ पट्टीवर ०.२ला 'लहान' म्हणतात, आणि हा त्याचाही दहावा भाग. माझ्या मते याहून बोलकं रूप हे आहे: २००५ची एक तरुणी आणि २०१५ची एक तरुणी अशी कुठलीही जोडी उचला. अशा हजार जोड्यांपैकी किती जोड्यांत २००५ची उंच निघेल? काहीच फरक नसता तर ५००. ०.०२ एवढ्या डीला ५०६. पुरुषांच्या १.१०साठी, स्टँडर्ड डेव्हिएशन ७ धरलं तर, ५४४च्या आसपास. हे आकडे आईला सांगितले तरी कळतात, म्हणून मला आवडतात.

पण कोहेनची पट्टी ही शेवटची पट्टी नव्हे. ती यांत्रिकपणे वापरू नका, असं खुद्द कोहेननीच बजावलं होतं. उंचीसाठी आपल्याकडे त्याहून चांगली, विषयाच्या आतली पट्टी आहे. २०१६ मध्ये एनसीडी-रिस्क या संशोधक गटाने शंभर वर्षांच्या काळातली अनेक देशांची उंची मांडली. त्यात दक्षिण कोरियाच्या स्त्रियांची उंची शतकभरात २० सेंटीमीटरहून जास्त वाढलेली दिसते, इराणच्या पुरुषांची १६ सेंटीमीटरहून जास्त. म्हणजे खाणंपिणं, पाणी, आजारपणं सुधारली तर एका दशकात दीड-दोन सेंटीमीटर वाढ होऊ शकते.

या पट्टीवर आपला इंटरव्हल ठेवून बघा. उणे ०.२४ ते ०. हा इंटरव्हल शून्याला शिवतो की नाही, यावर सगळी चर्चा अडकते. मला मात्र तो कुठे *पोचत नाही* हे महत्त्वाचं वाटतं. तो दोन सेंटीमीटरला पोचत नाही, एकला नाही, अर्ध्यालाही नाही. इतक्या मोठ्या नमुन्यामुळे एवढं ठामपणे म्हणता येतं की भारतातल्या तरुण स्त्रियांची उंची त्या दहा वर्षांत वाढलीच नाही. ही खरी बातमी होती. 'घटली' हे वाक्य १.२ मिलिमीटरच्या टोकावर उभं आहे आणि उद्या कोणी एक दुरुस्ती केली तर पडेल. 'वाढली नाही' हे वाक्य दुरुस्तीनंतरही उभं राहील. निबंधकर्त्यांनी इंटरव्हल दिला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. कित्येक जण नुसते स्टार देतात. पण भर त्यांनी 'घट' या शब्दावर दिला, आणि मथळेवाल्यांनी तोच उचलला.

इथपर्यंतचं बहुतेक पाठ्यपुस्तकांत मिळेल. पुढचं कमी मिळतं, म्हणून तिथे जरा थांबू या. नमुना वाढवला की स्टँडर्ड एरर कमी होते, पण मोजणीतली एकाच दिशेची चूक कमी होत नाही. एनएफएचएसच्या चौथ्या फेरीत उंची सेका २१३ नावाच्या स्टॅडिओमीटरने, एक मिलिमीटरपर्यंत वाचत मोजली. उंची ही सकाळी उठल्यावर सगळ्यात जास्त असते, आणि दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून साधारण सेंटीमीटरभर कमी होते. अंबाडा बांधलेला, टाचा भिंतीला न टेकलेल्या, मान किंचित खाली. प्रत्येक गोष्टीत दोन-चार मिलिमीटर सहज जातात. या चुका दोन्ही बाजूंना विखुरल्या तर लाखभर नोंदींत विरून जातील. पण एका फेरीतलं प्रशिक्षण जरा कडक, दुसऱ्या फेरीतलं सैल. एका फेरीत पथकं जास्त करून सकाळी गेली, दुसऱ्या फेरीत दुपारी. एवढ्यानेही दोन सरासऱ्यांमध्ये एक-दोन मिलिमीटरचा पक्का फरक पडतो. असा फरक ७ लाख बायका मोजल्या तरी विरत नाही. उलट तो अधिकाधिक 'सिग्निफिकंट' होत जातो.

मग हे ओळखायचं कसं? एक छान युक्ती आहे, आणि ती याच फाइलमध्ये दडलेली आहे. १९७० ते १९७९ दरम्यान जन्मलेल्या स्त्रिया २००५ साली २६ ते ३५ वर्षांच्या होत्या आणि २०१५ साली ३६ ते ४५च्या. या वयात उंची वाढत नाही आणि म्हणण्यासारखी घटतही नाही. बाया त्याच नाहीत, पण पिढी तीच आहे. म्हणून दोन्ही फेऱ्यांत त्यांची सरासरी सारखी यायला हवी. नाही आली, तर तो फरक देशाच्या पोषणाचा नाही, आपल्या मोजपट्टीचा, नमुन्याचा किंवा सांगितलेल्या वयाचा आहे. आर मध्ये हे एवढंच:

```r
library(haven); library(survey)
options(survey.lonely.psu = "adjust")
w <- read_dta("IAIR74FL.DTA",
  col_select = c(v005, v010, v021, v022, v438))
w <- subset(w, v010 %in% 1970:1979 & v438 < 9990)
w$ht <- as.numeric(w$v438) / 10
d <- svydesign(ids = ~v021, strata = ~v022,
  weights = ~v005, data = w, nest = TRUE)
svymean(~ht, d)
```

`v438` मध्ये उंची मिलिमीटरमध्ये असते, म्हणून दहाने भागलंय. ९९९०च्या वरचे आकडे म्हणजे 'मोजली नाही' वगैरे खुणा. त्या गाळल्या नाहीत तर सरासरी ताडामाडाएवढी येईल, घाबरू नका. तिसऱ्या फेरीसाठी फाइलचं नाव `IAIR52FL.DTA` करा आणि पुन्हा चालवा. त्या फेरीत दिल्ली सोडून इतर केंद्रशासित प्रदेश नव्हते, तेव्हा चौथ्या फेरीतूनही ते काढून मगच तुलना करा. दोन सरासऱ्यांत जो फरक येईल, तो तुमचा तळ. त्या तळापेक्षा लहान असलेल्या कोणत्याही फरकावर, त्याला कितीही स्टार असोत, वाक्य लिहू नका.

हीच युक्ती मनातल्या मनात पुरुषांच्या आकड्याला लावून बघा. २६ ते ५० वयाच्या पुरुषांमध्ये ०.८६ सेंटीमीटर घट सांगितली आहे. पण पहिल्या फेरीतले हे पुरुष साधारण १९५५ ते १९७९चे आणि दुसरीतले १९६५ ते १९८९चे. म्हणजे १९६५ ते १९७९ हा मोठा तुकडा दोन्हीकडे सामाईक आहे, आणि त्यांची उंची तर बदलायला नको. मग सगळी घट उरलेल्या तुकड्यातून आली पाहिजे, जिथे १९५५-६४च्या पुरुषांची जागा १९८०-८९च्या पुरुषांनी घेतली. हा तुकडा गटाच्या ढोबळ ४० टक्के धरला, तर ०.८६ भागिले ०.४ म्हणजे दोन सेंटीमीटरहून जास्त. ऐंशीच्या दशकात जन्मलेले पुरुष आपल्या बापाच्या पिढीपेक्षा दोन सेंटीमीटरने बुटके? अँगस डीटन यांनी २००८ मध्ये याच सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीवरून, एकाच फेरीतल्या लहान-मोठ्या वयांची तुलना करून, उलटंच दाखवलं होतं. नंतर जन्मलेले अधिक उंच होते, आणि पुरुषांतली वाढ स्त्रियांच्या तिपटीच्या आसपास होती. तेव्हा पुरुषांचा आकडा स्त्रियांच्या आकड्यापेक्षा सात-आठ पट मोठा असूनही मला त्याच्यावरच जास्त शंका आहे. इफेक्ट साइज मोठी म्हणजे खरी, असंही नसतं. (तरुण गटात आणखी एक भानगड आहे: पंधरा-सोळाची मुलं अजून वाढत असतात. त्या वयाचा हिस्सा एका फेरीत थोडा जास्त पडला की सरासरी आपोआप खाली येते.)

आता आपल्याकडे या. देशपातळीवर सगळंच सिग्निफिकंट निघतं, आणि जिल्हापातळीवर गाडी बरोबर उलट्या दिशेने जाते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ७०७ जिल्ह्यांत ७,२४,११५ स्त्रियांशी बोलणं झालं, म्हणजे सरासरी एका जिल्ह्यात हजारभर. अमरावती आणि अकोल्याची तुलना करायची म्हटली तर तुमच्याकडे दोन्हीकडून मिळून जेमतेम दोन हजार बायका. रक्तक्षयाचं प्रमाण घ्या. महाराष्ट्रात ते त्या फेरीत ५४.२ टक्के होतं. निम्म्याच्या आसपासच्या प्रमाणाला, क्लस्टरमुळे होणारी वाढ थोडी धरून, दोन जिल्ह्यांतल्या फरकाची स्टँडर्ड एरर पावणेतीन टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे फरक पाच टक्के दिसला तरी तो नशिबाचा खेळ असू शकतो. पत्रकात मात्र एक जिल्हा दुसऱ्याच्या 'पुढे' असल्याचं दोन टक्क्यांवरून ठरतं.

गंमत बघा: जिल्ह्यातला ५ टक्क्यांचा फरक, जो खरा असेल तर हजारो बायकांच्या जिवाशी संबंधित आहे, तो 'नॉट सिग्निफिकंट' म्हणून बाजूला पडतो. आणि देशातला १.२ मिलिमीटरचा फरक मथळा होतो. दोन्हीकडे पी व्हॅल्यूने आपल्याला नमुना केवढा होता एवढंच सांगितलं.

याच निबंधातला एक आकडा मात्र मी सहजासहजी सोडणार नाही. सर्वांत गरीब गटातल्या तरुण स्त्रियांची उंची ०.६३ सेंटीमीटरने घटली, अनुसूचित जमातींच्या तरुणींची ०.४२ने. कोहेनच्या पट्टीवर पहिला आकडा जेमतेम ०.१, म्हणजे अजूनही 'लहान'च्या खाली. पण हा सरासरी तरुणीच्या आकड्याच्या पाच पट आहे आणि त्याची दिशा एका ओळखीच्या कारणाशी जुळते. शिवाय इथे मोजणीतल्या चुकीचा युक्तिवाद थोडा लंगडा पडतो. स्टॅडिओमीटर श्रीमंत आणि गरीब पाहून वेगळा वागत नाही. सगळ्यांची मोजणी सारखीच बिघडली असेल, तर सरासरी आणि गरीब गट यांच्यातली दरी त्या बिघाडाने तयार होत नाही. फरकातला फरक हा नुसत्या फरकापेक्षा भरवशाचा असतो, तो यामुळे.

अर्थात तिथेही हात राखून. संपत्ती निर्देशांक प्रत्येक फेरीत घरातल्या वस्तूंवरून नव्याने बनवतात, त्यामुळे २००५ची 'सर्वांत गरीब' आणि २०१५ची 'सर्वांत गरीब' ही एकाच मापाने निवडलेली माणसं नाहीत. आणि 'अनुसूचित जमाती' या एका रकान्यात धारणी-चिखलदऱ्यातले कोरकू, गडचिरोलीतले गोंड आणि ईशान्येकडच्या जमाती सगळे एकत्र येतात. ०.४२ हा आकडा उचलून मेळघाटावरच्या प्रकरणात चिकटवणार असाल तर थांबा, तो मेळघाटात मोजलेला नाही.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या प्रबंधात मी असं लिहीन: '२००५-०६ ते २०१५-१६ दरम्यान १५ ते २५ वयाच्या स्त्रियांच्या सरासरी उंचीत ०.१२ सेंटीमीटर घट दिसली (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ०.२४ ते ०). हा फरक मोजणीच्या संभाव्य चुकीपेक्षा मोठा नाही. मात्र अर्ध्या सेंटीमीटरहून अधिक वाढ झाल्याची शक्यता ही माहिती नाकारते.' यात 'सिग्निफिकंट' हा शब्द नाही, आणि व्हायवाला कोणी तो मागितला, तर इंटरव्हलकडे बोट दाखवा.